विमा कंपनीला मिळतो तो अहवाल घरच्या डॉक्टरला का नाही? रुग्णालयाच्या वैद्यकीय संचालकांना खुले पत्र

मा. वैद्यकीय संचालक,
स. न. वि. वि.

आपल्या रुग्णालयातून ३१ ऑगस्टला घरी सोडलेल्या एका रुग्णाची देखभाल सध्या माझ्याकडे आहे. १ जूनला न्यूमोनिया आणि सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरलेला गंभीर जंतुसंसर्ग, यामुळे ते दाखल झाले आणि ९२ दिवस आपल्याकडे राहिले. ते जिवंत घरी आले याचं श्रेय आपल्या आयसीयूचं आहे आणि मी ते मनापासून देतो. या पत्राचा विषय वेगळा आहे. त्या तीन महिन्यांत टप्प्याटप्प्याने लिहिलेली इंटरिम समरी मी आपल्या एमआरडीकडे, म्हणजे रेकॉर्ड विभागाकडे, मागितली. उत्तर आलं की डिस्चार्ज समरी दिलेली आहे, इंटरिम समरी फक्त विमा कंपनीच्या मागणीनुसार तयार होते आणि ती बाहेरच्या डॉक्टरांना देण्याची पद्धत नाही.

हे उत्तर मला मान्य नाही. आपल्याशी फोनवर बोलून प्रश्न सुटला असता तर हे पत्र लिहिलंच नसतं. पण मुंबईत फॅमिली डॉक्टर म्हणून काम करणाऱ्या कुणालाही विचारा. मोठं रुग्णालय कुठलंही असो, महिनोन्‌महिने राहिलेला पेशंट घरी येतो तेव्हा त्याच्यासोबत येणारा कागद बहुतेक वेळा असाच असतो. म्हणून पत्र आपल्या नावे आहे, पण ते इतर रुग्णालयांनी आणि घरी असा पेशंट असलेल्या कुटुंबांनीही वाचावं अशी इच्छा आहे. रुग्णाचं नाव, रुग्णालयाचं नाव मी घेत नाही. कुटुंबाची संमती घेतली आहे.

माझा दवाखाना विक्रोळीत आहे. काकांना (मी त्यांना काकाच म्हणतो, वय ६७) मी गेली कित्येक वर्षं ओळखतो. मधुमेह आणि बीपी या दोन्हींची औषधं माझ्याकडूनच चालू होती. आता ते तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, हॉलमध्ये भाड्याने आणलेल्या पलंगावर आहेत. गळ्यात श्वासासाठी ट्रेकिऑस्टॉमीची ट्यूब, नाकातून पोटात जाणारी राईल्स ट्यूब, लघवीला कॅथेटरची नळी, माकडहाडाजवळ बरी होत आलेली जखम. दिवसा नर्सिंग ब्युरोतून आलेली मुलगी असते, रात्री काकू आणि त्यांची लेक. त्यांना खाली उतरवून ओपीडीत आणायचं म्हणजे चार माणसं आणि स्ट्रेचर लागतो. त्यामुळे जे ठरवायचं ते घरातच, हातात असलेल्या कागदावर ठरवावं लागतं.

तो कागद चार पानांचा आहे. त्यातलं पहिलं पान १ जूनच्या रात्री कॅज्युअल्टीत लिहिलेली हकिगत जशीच्या तशी आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या पानावर रक्ताच्या तपासण्यांचे आकडे आहेत, तेही फक्त पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यातले. चौथ्यावर औषधांची यादी. मधल्या ऐंशी दिवसांबद्दल एक परिच्छेद आहे आणि त्याचा सारांश असा की रुग्णावर प्रोटोकॉलप्रमाणे उपचार झाले, विविध तज्ज्ञांचे सल्ले घेतले गेले, प्रकृती स्थिर झाल्यावर घरी सोडलं. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं होतं ते सगळं त्या ऐंशी दिवसांत घडलं होतं.

पहिली तक्रार औषधांच्या कारणांबद्दल आहे, आणि तिच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

यादीत ॲपिक्साबॅन ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असं आहे. रक्त पातळ ठेवणारं औषध. पुढे फक्त ‘चालू ठेवावे’. निदानांच्या यादीत ‘एएफ’, म्हणजे हृदयाची अनियमित लय, ही दोन अक्षरं आहेत, त्यांच्यापुढे तारीख नाही. हे वाचणारा कुठलाही डॉक्टर गृहीत धरेल की औषध एएफसाठी आहे. आता एएफमध्ये या औषधाचा डोस कमी करण्याचा एक ठरलेला नियम आहे. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, या तिन्हींपैकी दोन गोष्टी लागू झाल्या की डोस निम्मा, म्हणजे अडीच मिलिग्रॅम दोनदा. काकांचं वजन दाखल होताना ७६ होतं, घरी आले तेव्हा ५८. क्रिएटिनिन १.६. दोन अटी पूर्ण झाल्या. म्हणजे कागदावर विश्वास ठेवून, पुस्तकाप्रमाणे वागून, डोस निम्मा करणं बरोबर ठरलं असतं.

काकांच्या लेकीला मी सहज विचारलं की ही गोळी कधी सुरू केली. ती म्हणाली, “डॉक्टर, जुलैमध्ये डावा पाय सुजला होता ना, तेव्हा एक रेसिडेंट म्हणाले होते की शिरेत रक्ताची गुठळी झालीय. त्यानंतर आधी पोटात इंजेक्शनं द्यायचे, मग ही गोळी आली.” पायाच्या गुठळीचा उल्लेख त्या चार पानांत कुठेही नाही.

गुठळीसाठी हेच औषध दिलेलं असेल तर वर सांगितलेला डोस कमी करण्याचा नियम लागूच होत नाही. पहिले काही महिने पूर्ण ५ मिलिग्रॅम दोनदा द्यावं लागतं, वजन आणि क्रिएटिनिन काहीही असलं तरी. निम्मा डोस म्हणजे दोन महिनेही न झालेल्या गुठळीवर अर्धवट उपचार. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर काय होतं हे मी आपल्याला सांगायला नको. तेव्हा एकाच गोळीचं कारण न लिहिल्याने डोस निम्मा करायचा की नाही हा प्रश्न एका रेसिडेंटच्या जाता जाता बोललेल्या वाक्यावर आणि ते लक्षात ठेवणाऱ्या लेकीवर अवलंबून राहिला.

तारीख मला शेवटी बिलात सापडली. तपशीलवार बिल हे काकांच्या आजारपणाचं सर्वांत नीट ठेवलेलं दप्तर आहे. ८ जुलै, कलर डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, डावा पाय. त्याच दिवसापासून हेपारिन, रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन. त्याआधीच्या पानांवर जूनच्या अखेरीस डायलिसिसचे किट आणि मांडीतून टाकायच्या डायलिसिस कॅथेटरचे पैसे लावले आहेत. लेकीला आठवतं की ती नळी डाव्याच मांडीत होती. यावरून चित्र जुळतं: किडनी थकली, तात्पुरतं डायलिसिस लागलं, नळीमुळे त्या पायात गुठळी झाली. अशी कारण दिसणारी आणि ते कारण आता दूर झालेली गुठळी असली तर साधारण तीन महिने औषध देऊन पुढचा निर्णय घेतात. तीन महिने ८ जुलैपासून मोजायचे, म्हणजे ८ ऑक्टोबर. तारीख माहीत नसलेला डॉक्टर ते डिस्चार्जपासून मोजेल आणि नोव्हेंबरच्या अखेरपर्यंत जाईल. गरज नसेल तर सात आठवडे जास्त रक्त पातळ ठेवणं ही ट्रेकिऑस्टॉमी आणि उघडी जखम असलेल्या माणसासाठी किरकोळ गोष्ट नाही.

आणि ८ ऑक्टोबरला प्रश्न संपत नाही. एएफ खरोखर होतं का, किती तास होतं, पुन्हा आलं का, यावर त्यापुढचं ठरतं. काकांना मधुमेह आहे, बीपी आहे, वय ६५च्या वर आहे. एएफ वारंवार येणारं असेल तर पक्षाघात टाळण्यासाठी हे औषध कायमच लागू शकेल. सेप्सिसच्या तापात एकदाच, काही तासांसाठी लय बिघडली असेल तर विचार वेगळा होईल. हे ठरवायला मी हृदयरोगतज्ज्ञांचं मत घेणारच आहे, पण त्यांनाही जूनमधले ईसीजी लागतील. बिलावरून एवढंच कळतं की हृदयाची लय ताळ्यावर आणणाऱ्या अमिओडॅरोनची इंजेक्शनं ५ जूनला सुरू झाली.

ते अमिओडॅरोन आजही चालू आहे. रोज २०० मिलिग्रॅम, तेही ‘चालू ठेवावे’. हे औषध थायरॉइड, यकृत आणि फुप्फुस या तिन्हींना त्रास देऊ शकतं आणि शरीरात साठून राहतं. आजारातून उठणाऱ्या फुप्फुसांच्या माणसाला ते किती दिवस द्यायचं याचा कुणीतरी आयसीयूत नक्की विचार केला असेल. केला नसेल तर तेही कळायला हवं. त्याच यादीत क्वेटियापिन रात्री २५ मिलिग्रॅम आहे. आयसीयूत रुग्ण भ्रमिष्टासारखा वागू लागला, नळ्या ओढू लागला की हे देतात, आणि भ्रम ओसरला की बंद करतात. काका आता पूर्ण भानावर आहेत, पाटीवर लिहून बोलतात. पण दिवसभर पेंगतात. गिळण्याचे व्यायाम करून घ्यायला येणारी थेरपिस्ट दोनदा परत गेली कारण त्यांना जागं ठेवता येईना. आयसीयू सोडून वॉर्डात येताना कुणी ‘भ्रम कमी झाला की बंद करा’ एवढी एक ओळ लिहिली असती तर हे औषध घरापर्यंत आलंच नसतं.

दुसरी तक्रार औषध कोणत्या वाटेने द्यायचं याबद्दल. घरी आल्यानंतरच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी काकूंचा फोन आला. “डॉक्टर, बोटाला लावायच्या मशीनवर ठोके चव्वेचाळीस दाखवतंय, आणि हात गार पडलेत.” मी गेलो तेव्हा बीपी ९० वर ५८ होतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर छोटा खलबत्ता होता आणि त्यात पांढरी भुकटी. ठोके आणि बीपी कमी करणाऱ्या मेटोप्रोलॉलची एक्सएल गोळी, ५० मिलिग्रॅम, ब्युरोच्या मुलीने कुटून पाण्यात कालवून राईल्स ट्यूबमधून सोडली होती. तिने काही चुकीचं केलं नाही. पेशंट तोंडाने काही घेत नाही आणि कागदावर गोळी लिहिली आहे, तर ती कुटूनच जाणार. पण एक्सएल गोळी दिवसभर थोडी थोडी सुटण्यासाठी बनवलेली असते. कुटली की सगळा डोस एकदम जातो, आणि सोबत अमिओडॅरोन, तेही ठोके मंद करणारं. ईसीजी काढला, गोळी थांबवली, रात्रभर लेक आणि मी फोनवर संपर्कात होतो. सकाळी ठोके ५८वर आले.

दोन आठवड्यांनी आपल्याकडून नर्सिंग चार्टच्या काही पानांच्या झेरॉक्स मिळाल्या तेव्हा कळलं की वॉर्डात साधी मेटोप्रोलॉल २५ दोनदा दिली जात होती. साधी गोळी कुटून देता येते. डिस्चार्जच्या दिवशी यादी टाईप करताना ‘दोनदा २५’चं ‘एकदा ५० एक्सएल’ झालं, बहुधा घरच्यांना सोपं पडावं म्हणून. यादीत कुठेही ‘राईल्स ट्यूबमधून’ हे शब्द नाहीत. त्याच यादीतली पँटोप्राझोलची ॲसिडिटीची गोळीही वरच्या आवरणामुळे कुटून द्यायची नसते. तीही कुटली जात होती.

तिसरी तक्रार छोटी आहे पण मला तिची सर्वांत जास्त भीती वाटते. आपल्या समरीत ॲलर्जीपुढे ‘नाही’ असं आहे. १ जूनच्या रात्री ते खरं होतं. काकूंना आठवतं की जूनमध्ये एका इंजेक्शनानंतर काकांच्या अंगभर लाल चट्टे उठले, डोळे सुजले आणि “ते इंजेक्शन पुन्हा द्यायचं नाही असं सिस्टर म्हणाल्या.” इंजेक्शनाचं नाव त्यांना माहीत असण्याचं कारण नाही. बिलात २१ जूनला पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम हे अँटिबायोटिक अचानक थांबतं, त्याच दिवशी ॲलर्जीवर देतात ती हायड्रोकॉर्टिसोन आणि ॲव्हिलची इंजेक्शनं लागतात आणि दुसऱ्या दिवसापासून मेरोपेनेम हे दुसरं अँटिबायोटिक सुरू होतं. माझा अंदाज पेनिसिलिन गटाच्या ॲलर्जीचा आहे. पण बिलावरून ॲलर्जीचं निदान करायचं नसतं. अंदाज चुकला तर एक चांगलं औषध आयुष्यभर विनाकारण वर्ज्य राहील, आणि मी काहीच गृहीत न धरता गेलो तर पुढच्या तापात कुणीतरी तेच इंजेक्शन देईल. केसपेपरवर हे नक्की लिहिलेलं असणार. ते डिस्चार्ज समरीपर्यंत पोचलं नाही कारण ॲलर्जीचा रकाना दाखल होताना भरला गेला आणि ९२ दिवसांत तो पुन्हा कुणी उघडला नाही.

याला जोडूनच कल्चरचा, म्हणजे जंतू ओळखायच्या तपासणीचा, मुद्दा येतो. कॅथेटर असलेल्या माणसाला आज ना उद्या ताप येणार. बिलात कोलिस्टिन हे शेवटचा उपाय म्हणून द्यायचं अँटिबायोटिक आहे, म्हणजे कधीतरी बहुतेक औषधांना न जुमानणारा जंतू सापडला असावा. कोणता, थुंकीत की लघवीत की रक्तात, आणि कोणत्या औषधाला दाद देत होता, हे मला ताप येण्याच्या आधी माहीत असायला हवं.

ट्रेकिऑस्टॉमीबद्दल समरीत ‘ट्यूब इन सिटू’, म्हणजे ट्यूब जागेवर आहे, एवढंच आहे. ट्यूबचा नंबर नाही, तिच्याभोवती हवेचा फुगा आहे की नाही ते नाही, शेवटची कधी बदलली ते नाही. हे मी ट्यूब पाहून काही अंशी शोधू शकतो आणि शोधलं. जे पाहून कळत नाही ते असं: ट्यूब बंद करून तोंडाने श्वास घ्यायचा प्रयोग झाला होता का, आणि फसला असेल तर कशामुळे? कफ खूप, खोकला अशक्त, की वरच्या बाजूला श्वासनलिका अरुंद झाली आहे? शेवटचं कारण असेल आणि रात्री ट्यूब निघून आली, तर तोंडावर मास्क लावून ऑक्सिजन देण्याने काका वाचणार नाहीत, आणि घरच्यांना शिकवायची गोष्ट पूर्ण बदलते. सध्या पलंगाशी त्याच नंबरची एक आणि एक नंबर लहान अशा दोन ट्यूब मी ठेवायला लावल्या आहेत. याहून पुढचं सांगण्याइतकी माहिती माझ्याकडे नाही.

किडनीबद्दल एक वाक्य पुरे. क्रिएटिनिन १.६ हा शेवटचा आकडा समरीत आहे, पण तो ५ वरून उतरत आला की १.२ वरून चढत चालला हे नाही, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन व बीपीची टेल्मिसार्टन ही माझी जुनी औषधं तुम्ही जाणूनबुजून बंद केलीत की यादीतून गळली, तेही नाही. काकूंनी जुना डबा पुन्हा काढून ठेवला होता, कारण त्या गोळ्या बंद करा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपण म्हणाल की तीन महिन्यांत आयसीयूचे कन्सल्टंट, छातीचे, किडनीचे, हृदयाचे डॉक्टर, तीन वेळा बदललेले रेसिडेंट, एवढ्या सगळ्यांनी केलेलं काम डिस्चार्जच्या सकाळी एका रेसिडेंटने चार पानांत कसं बसवायचं? अगदी बरोबर. बसवताच येत नाही. तो मुलगा किंवा मुलगी त्या पेशंटला आठ-दहा दिवसच ओळखत असते, खाली बिलिंगवाले घाई करत असतात आणि केसपेपरचे गठ्ठे हातात धरवत नाहीत. म्हणूनच गोषवारा मध्ये मध्ये लिहायचा असतो. गुठळी सापडली त्या आठवड्यात ‘गुठळी, कारण, तारीख, किती दिवस उपचार’ लिहायला दोन मिनिटं लागतात. दोन महिन्यांनी तेच शोधायला दोन तास लागतात, आणि ते कुणाकडे नसतात.

आणि लिहिण्याची सवय आपल्याकडे नाही असंही नाही. काकांचा कॅशलेस विमा होता. रक्कम वाढवून घेण्यासाठी आपल्याच डॉक्टरांच्या सहीने टीपीएला, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेला, वेळोवेळी अहवाल गेले: व्हेंटिलेटर का लागतो, डायलिसिस का, अजून किती दिवस. कुटुंबाकडे त्यातल्या एकाची प्रत आहे. जुलैच्या मध्यातल्या त्या एका पानात किडनीची अवस्था आणि पुढचा बेत डिस्चार्ज समरीपेक्षा जास्त स्पष्ट लिहिला आहे. पैसे मंजूर करणाऱ्याला ‘का’ सांगावं लागतं म्हणून ते लिहिलं गेलं. उपचार पुढे चालवणाऱ्यालाही तेच सांगावं लागतं.

मला हवा तो गोषवारा मोठा नको. आकड्यांची भेंडोळी नकोत. वॉर्डात हलवण्याच्या दिवशीच्या इंटरिम समरीत एका समस्येबद्दल एवढं असावं (तपशील मी वरच्या अंदाजावरून भरले आहेत):

“डाव्या पायाच्या शिरेत गुठळी, ८ जुलै, डॉपलरवर. कारण: त्याच मांडीतलं डायलिसिस कॅथेटर, ते काढलं आहे. आधी हेपारिन, मग ॲपिक्साबॅन ५ दोनदा, राईल्स ट्यूबमधून कुटून. डोस गुठळीसाठी आहे, वजन-क्रिएटिनिनवरून कमी करू नये. ८ ऑक्टोबरच्या सुमारास फेरविचार. एएफ: ५ जून, सेप्सिसमध्ये, पुन्हा आलं का ते येथे नोंदवत राहावे.”

पाच-सहा ओळी. अशा सहा-सात समस्या, वर अद्ययावत ॲलर्जी, खाली नळ्यांचे नंबर आणि तारखा. दोन पानं होतात. पुढच्या पंधरवड्यात रेसिडेंट बदलला तरी त्याने त्याच कागदात भर घालायची, नवा कोरा कागद घ्यायचा नाही. डिस्चार्जच्या दिवशी शेवटची आवृत्ती हीच घरच्या डॉक्टरची समरी.

म्हणून माझ्या मागण्या.

१. रुग्ण ३० दिवसांहून जास्त राहिला तर दर १५ दिवसांनी, आणि आयसीयूतून वॉर्डात हलवताना न चुकता, उपचार करणाऱ्या टीमने इंटरिम समरी लिहावी. ती विमा असो वा नसो, प्रत्येक रुग्णासाठी असावी. बिनविम्याच्या पेशंटबाबत आज तेवढंही लिहिलं जात नसेल.

२. डिस्चार्जच्या यादीतल्या प्रत्येक औषधापुढे कशासाठी, कधीपासून, कधीपर्यंत आणि कोणत्या वाटेने हे चार रकाने असावेत. घरची जुनी औषधं वेगळ्या ओळीत असावीत: चालू, बंद किंवा अमुक झाल्यावर पुन्हा सुरू.

३. ॲलर्जीचा रकाना डिस्चार्जच्या दिवशी नर्सिंग चार्टशी ताडून नव्याने भरावा, दाखल होतानाचा उतरवू नये.

४. शेवटची समरी घरच्या डॉक्टरला डिस्चार्जच्या दोन दिवस आधी मिळावी आणि आयसीयू किंवा वॉर्डाच्या एका जबाबदार डॉक्टरने दहा मिनिटं फोनवर बोलावं. नंतरचा महिनाभर प्रश्न विचारण्यासाठी एक नाव आणि एक नंबर असावा. सध्या मी रिसेप्शनला फोन करतो आणि ते मला ओपीडीची वेळ देतात.

५. रेकॉर्डसाठी अर्ज केल्यावर १५ दिवस लागतील असं आपल्या खिडकीवर सांगितलं जातं. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांत रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर ७२ तासांत कागद देण्याचं बंधन आहे. खिडकीवरच्या माणसाला हा नियम आपण लेखी द्यावा.

रेसिडेंटवर आणखी एक कागद लादला जातोय असं मला वाटत नाही, पण त्यांना तसं वाटू शकतं, हे मी समजू शकतो. त्यांच्यावर किती काम असतं ते मी स्वतः त्या वयात केलं आहे. म्हणून ही जबाबदारी कन्सल्टंटच्या सहीने असावी आणि राउंडला त्यासाठी वेळ काढावा, रात्री उरलेल्या वेळात नाही. समरी अद्ययावत नसेल तर पेशंट आयसीयूतून हलणार नाही असा नियम आपण केलात तर महिन्याभरात सवय लागेल. बिल भरल्याशिवाय पेशंट हलत नाही हा नियम आपल्याकडे नीट पाळला जातोच.

काकांच्या बाबतीत मला चार गोष्टी ८ ऑक्टोबरच्या आधी हव्या आहेत: ८ जुलैचा डॉपलर रिपोर्ट, ५ जूनपासूनचे ईसीजी, २१ जूनच्या ॲलर्जीची नर्सिंग नोंद आणि सगळ्या कल्चरचे रिपोर्ट. काकूंच्या सहीचा अर्ज आपल्या एमआरडीत जमा आहे. ट्रेकिऑस्टॉमी बंद करण्याच्या प्रयोगाबद्दल आपल्या छातीच्या विभागातल्या कुणीतरी मला फोन करावा, मी दुपारी दोन ते पाच कधीही मोकळा आहे. आणि वरच्या पाच मागण्यांना आपण लेखी उत्तर द्यावं, मान्य नसतील तर का नाहीत ते लिहून.

आपला,
विक्रोळीतला एक फॅमिली डॉक्टर